बारा मुलाखतींची कुळकथा

मुलाखतींवर आधारलेला कोणताही प्रबंध उघडा, पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं: ‘सॅच्युरेशन येईपर्यंत मुलाखती घेतल्या.’ त्याला जोडून एक आकडा असतो. बहुतेक वेळा बारा, कधी पंधरा, फार तर वीस. म्हणजे नवीन काही कानावर पडेनासं झालं, तेव्हा संशोधक थांबला. वाक्य इतकं सवयीचं झालं आहे की परीक्षकही त्यावर थबकत नाहीत. ते कशावरून लिहिलं, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या वाक्याचं कूळ शोधायला गेलं, तर ते साठ वर्षांपूर्वीच्या कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांत सापडतं. तिथे त्याचा अर्थ वेगळा होता आणि त्याच्यामागे बरंच काम उभं होतं. पुढच्या प्रवासात ते काम मागे राहिलं आणि आकडा तेवढा पुढे आला. हा प्रवास समजून घेतला, तर मुलाखतींच्या अभ्यासाचा कस कुठे लावायचा हेही कळतं. त्याची गरज किती खरी आहे, हे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीतून उभ्या राहिलेल्या एका मोठ्या कामावरून सांगता येतं.

बार्शीचे आकडे

बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये 1987 साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठीची ही देशातली पहिली नोंदवही. ग्रामीण बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं आहे आणि बाई दवाखान्यात पोचते तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो, हे इथल्या नोंदींतून स्पष्ट होत गेलं. मग बार्शीचं हे केंद्र, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून 1999 मध्ये शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड चाचणी हाती घेतली. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट आणि तपासणीच्या तीन पद्धती. एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष पुढे जगभर वापरला गेला.

या चाचणीत तपासणीसाठी बोलावलेल्या दर शंभर बायकांपैकी सुमारे ऐंशी जणी आल्या. घरोघर जाऊन समजावणारे कार्यकर्ते होते, तपासणी गावाजवळ होती, तरी साधारण वीस जणी आल्या नाहीत. किती आल्या नाहीत, हे आकडा सांगतो. का आल्या नाहीत, हे सांगायला त्या बाईसमोर बसावं लागतं. इथून मुलाखतींचं काम सुरू होतं आणि इथेच अडचण येते. चाचणीत किती बायका घ्यायच्या हे संख्याशास्त्राच्या सूत्राने ठरतं. मुलाखती किती घ्यायच्या याला तसं सूत्र नाही. मग थांबायचं कधी?

जन्म

हा प्रश्न बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांपुढे होता. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत मरणासन्न रुग्ण, त्यांचे नातलग, परिचारिका आणि डॉक्टर एकमेकांशी कसे वागतात, याचा ते अभ्यास करत होते. जीन क्विंट ही परिचर्येची अभ्यासक त्यांच्या बरोबर होती. आपण मरणार आहोत हे रुग्णाला माहीत आहे का, आणि त्याला माहीत आहे हे इतरांना माहीत आहे का, हा त्यांच्या कामाचा गाभा. त्यातून 1965 साली एक पुस्तक आलं. हे पुस्तक कसं घडलं, हे सांगणारं पद्धतीवरचं पुस्तक 1967 मध्ये आलं. सॅच्युरेशन ही कल्पना याच दुसऱ्या पुस्तकात मांडलेली आहे.

त्यांनी वॉर्ड कसे निवडले ते पाहण्यासारखं आहे. रुग्णाला आपल्या मरणाची जाणीवच नसते अशा ठिकाणापासून त्यांनी सुरुवात केली: अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड, मग मेंदूच्या शस्त्रक्रियेचा वॉर्ड, जिथे रुग्ण बरेचदा बेशुद्ध असत. त्यानंतर अतिदक्षता विभाग, कारण तिथे मरण अपेक्षित असतं आणि झटकन येतं. मग कर्करोगाचा वॉर्ड, जिथे ते अपेक्षित असतं पण सावकाश येतं. पुढे तातडीच्या उपचारांचा विभाग, जिथे ते ध्यानीमनी नसताना येतं. म्हणजे पुढे कुठे जायचं हे आधीच्या ठिकाणी हाती लागलेल्या कल्पनेवरून ठरत होतं. ‘जाणीव’ या एका कल्पनेला जितके पैलू असू शकतील, ते दिसावेत म्हणून जागा मुद्दाम बदलत नेल्या होत्या.

अशा रीतीने मुद्दाम वेगळी ठिकाणं, वेगळी माणसं शोधूनही एखाद्या कल्पनेचा नवा पैलू मिळेनासा झाला, की ती कल्पना सॅच्युरेट झाली, असं त्यांनी म्हटलं. यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, सॅच्युरेट होते ती एकेक कल्पना. अख्खा अभ्यास एका दमात सॅच्युरेट होत नाही. दुसरी, वेगळं काही सापडावं म्हणून आधी झटावं लागतं. एकाच वॉर्डात, एकाच प्रकारच्या माणसांशी बोलून ‘आता तेच तेच येतंय’ म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी सॅच्युरेशन नव्हतं. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते: त्यांचं काम नुसत्या मुलाखतींचं नव्हतं. वॉर्डात उभं राहून पाहणं, ऐकणं, प्रसंगाच्या वेळी हजर असणं हा त्याचा मोठा भाग होता.

आकडा कुठून आला

पुढच्या काही दशकांत ही कल्पना आपल्या माहेरापासून दूर गेली. परिचर्या, सार्वजनिक आरोग्य, व्यवस्थापन, शिक्षण अशा क्षेत्रांतले लोक मुलाखती घेऊ लागले. त्यातल्या बहुतेकांना नवा सिद्धान्त रचायचा नव्हता. त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. पण अनुदान मागताना आणि नैतिकता समितीपुढे जाताना ‘किती मुलाखती?’ हा रकाना भरावाच लागतो. मुलाखत सुरू होण्याआधीच तिचा आकडा सांगायचा, अशी ही कोंडी. सॅच्युरेशन हा शब्द या रकान्यात येऊन बसला आणि ‘कल्पना सॅच्युरेट झाली’ याऐवजी ‘माहिती सॅच्युरेट झाली’ असं लिहिलं जाऊ लागलं.

किती मुलाखतींनंतर नवं काही येणं थांबतं, हे ग्रेग गेस्ट, आर्वेन बन्स आणि लॉरा जॉन्सन यांनी 2006 मध्ये मोजून पाहिलं. घाना आणि नायजेरियातल्या, एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्या साठ बायकांच्या मुलाखती त्यांच्याकडे होत्या. त्यांनी सहा-सहा मुलाखतींचे गठ्ठे केले आणि प्रत्येक गठ्ठ्यानंतर किती नवे कोड लागले ते नोंदवलं. कोड म्हणजे बोलण्याच्या तुकड्याला, त्यात काय म्हटलंय ते ओळखून दिलेली खूण. घानातल्या तीस मुलाखतींतून एकूण 109 कोड निघाले. त्यातले 80 पहिल्या सहा मुलाखतींतच आले होते आणि बाराव्या मुलाखतीपर्यंत आकडा 100 वर पोचला होता. पुढच्या अठरा मुलाखतींनी उरलेले नऊ दिले.

‘बारा मुलाखती पुरतात’ याचं मूळ हे आहे. पण हा निष्कर्ष कोणत्या परिस्थितीत लागू पडतो, हे या तिघांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. सगळ्या बायकांची परिस्थिती बरीचशी सारखी होती, सगळ्यांना तेच प्रश्न विचारले होते, आणि विषयाची चौकट घट्ट होती. माणसं वेगवेगळ्या थरांतली असली किंवा प्रश्न मोकळे असले, की बारा हा आकडा लागू होत नाही. ही अट मागे पडली आणि बारा तेवढे प्रबंधाप्रबंधांत फिरत राहिले.

मोनिक हेनिंक आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये यात एक मोलाची भर घातली. पंचवीस मुलाखती घेऊन त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या. नवे विषय निघणं कधी थांबतं, आणि निघालेल्या विषयांचा अर्थ पुरता कधी कळतो. पहिली गोष्ट नवव्या मुलाखतीपाशी घडली. दुसरीला सोळा ते चोवीस मुलाखती लागल्या. बाई ‘लाज वाटते’ म्हणाली की लाज हा विषय मिळाला; पण ही लाज डॉक्टरची, शेजारणीची, नवऱ्याची की स्वतःच्या शरीराची, आणि कोणत्या प्रसंगी ती आड येत नाही, हे समजायला बरंच पुढे जावं लागतं. विषय ऐकून थांबलेला संशोधक यादी देतो. अर्थ समजेपर्यंत टिकलेला संशोधक कारण देतो.

विचारणारा कोण

कुळाची दुसरी शाखा विचारणाऱ्याकडे जाते. 1970 च्या दशकात ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अ‍ॅन ओकली पहिल्यांदा आई होणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेत होती, एकेकीच्या अनेकदा. त्या काळची पाठ्यपुस्तकं सांगत की मुलाखतकाराने तटस्थ राहावं, आणि समोरच्याने प्रश्न विचारला तर उत्तर टाळावं. बायका तर तिला सारखे प्रश्न विचारत होत्या: बाळंतपणाबद्दल, बाळाबद्दल, तिच्या स्वतःच्या अनुभवाबद्दल. तिने ते मोजले; 878 भरले. तिने उत्तरं दिली, आणि 1981 मध्ये लिहिलं की उत्तर न देणारी बाई समोर बसली असती, तर या मैत्रीच्या बोलण्यातून जे कळलं ते कळलंच नसतं. मुलाखत घेणारी व्यक्ती ही काचेची खिडकी नसते, समोरचा माणूस तिच्याकडे पाहून बोलतो, हे यानंतर टाळता येईना.

महाराष्ट्रात याचं ठळक उदाहरण म्हणजे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’. आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या बायकांना भेटून, त्यांच्याशी बोलून त्यांनी हे पुस्तक 1989 मध्ये सिद्ध केलं. पुरुषांनी लिहिलेल्या इतिहासात या बायका जवळपास नव्हत्या. विचारणाऱ्या दोघी त्याच समाजातल्या, त्याच चळवळीतल्या. म्हणून दार उघडलं. पण आपलं माणूस असण्याची दुसरी बाजूही असते: ‘तुला तर माहीतच आहे’ म्हणून सांगायच्या राहून जाणाऱ्या गोष्टी. आतला असो की बाहेरचा, प्रत्येकाला काही ऐकू येतं आणि काही येत नाही. रिफ्लेक्सिव्हिटी म्हणजे संशोधकाने स्वतःची ही जागा ओळखून, तिचा माहितीवर काय परिणाम झाला ते दाखवणं. ‘मी स्त्री आहे, डॉक्टर आहे, शहरातली आहे’ एवढी ओळख देऊन ते होत नाही. डॉक्टर असल्यामुळे मला कोणतं उत्तर मिळालं आणि ते मी कसं तपासलं, हे सांगितलं तरच ते होतं.

थीम कुठून आली

तिसरी शाखा निष्कर्षांची. व्हर्जिनिया ब्राऊन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी 2006 मध्ये थीमनिहाय विश्लेषणाच्या सहा पायऱ्या मांडल्या. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणं, कोड लावणं, कोडांतून थीम जुळवणं, त्या मूळ मजकुराशी ताडून पाहणं, त्यांना नेमकं नाव देणं आणि शेवटी लिहिणं. हा लेख जगभर वापरला जातो आणि बरेचदा फक्त पायऱ्यांपुरता. दोघींनी नंतर वारंवार लिहिलं की ‘थीम उदयाला आल्या’ हे वाक्य फसवं आहे. थीम मजकुरात आयत्या पडलेल्या नसतात. संशोधक त्या रचतो, म्हणून त्या कशा रचल्या हे दाखवणं त्याच्यावर येतं.

दुसरी तक्रार जास्त कामाची आहे. ‘आर्थिक अडथळे’, ‘सामाजिक अडथळे’, ‘आरोग्यसेवेचे अडथळे’ या थीम नव्हेतच. ही नुसती शीर्षकं आहेत, आणि प्रश्नावलीत तीच असल्याने एकही मुलाखत न घेता लिहिता आली असती. थीम काहीतरी ठाम म्हणते, आणि ते चूक ठरू शकतं.

या तिन्ही शाखा 2007 मध्ये एका कागदावर आल्या. अ‍ॅलिसन टाँग, पीटर सेन्सबरी आणि जोनाथन क्रेग यांनी मुलाखतींच्या अभ्यासांसाठी 32 कलमांची यादी केली. तिला कोरेक म्हणतात. अनेक वैद्यकीय नियतकालिकं ती भरून मागतात. तिची पहिली आठ कलमं मुलाखतकाराबद्दल आणि त्याच्या समोरच्याशी असलेल्या नात्याबद्दल आहेत. बाविसावं सॅच्युरेशनबद्दल, सव्विसावं थीम आधी ठरवल्या की माहितीतून काढल्या याबद्दल. यादी उपयोगी आहे, कारण काही लपवणं तिच्यामुळे अवघड होतं. पण ती सॅच्युरेशनचा उल्लेख आहे का एवढंच विचारते. ते आलं होतं का, हे वाचणाऱ्याला स्वतः तपासावं लागतं. शिवाय तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत बसवल्या की त्या एकमेकींवर अवलंबून आहेत, हे दिसेनासं होतं. ते दिसावं म्हणून एक उदाहरण रचून पाहू.

सोलापूरच्या पूर्व भागात

समजा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायका मोफत असलेली गर्भाशयमुखाची तपासणी का करून घेत नाहीत, असा अभ्यास आहे. या भागातल्या पुष्कळ घरांत पद्मशाली तेलुगू बोलली जाते. विड्या घरी बसून वळल्या जातात आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते. अभ्यास आणि त्यातले आकडे मी समजण्यापुरते मांडतो आहे. परिस्थिती मात्र खरी आहे.

मुलाखती घेते एक तरुण डॉक्टर. मराठी बोलणारी, पदव्युत्तर शिक्षण घेणारी. जागा आरोग्य केंद्रातली खोली. बायकांना आशाताई घेऊन येतात. दर तीन मुलाखतींनंतर ती नवे कोड मोजते. पहिल्या तिघींनी 14 नवे कोड दिले, पुढच्या तिघींनी 5, त्यापुढच्या तिघींनी 1, आणि दहा ते बारा या मुलाखतींनी एकही नाही. वेळ मिळत नाही, लाज वाटते, त्रासच नाही तर कशाला, माहिती नव्हती: हेच पुन्हा पुन्हा येतं. कागदावर हे आदर्श सॅच्युरेशन आहे. तीन मुलाखती ओळीने कोऱ्या गेल्या, म्हणजे थांबण्याचा प्रचलित नियमही पाळला गेला.

आता कोण काय ऐकत होतं ते पाहू. ज्या दवाखान्यात बाई जात नाही, त्याच दवाखान्याच्या खोलीत, तिथल्याच डॉक्टरसमोर, घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेत, आशाताई दाराशी असताना तिला विचारलं जातं की तू इथे का येत नाहीस. ‘तुमची भीती वाटते’ असं उत्तर तिथे येणं अवघड आहे. येतं ते सभ्य उत्तर, आणि सभ्य उत्तरं फार थोड्या प्रकारची असतात. म्हणून ती लवकर संपतात. इथे संपली ती विचारणाऱ्याच्या जागेवरून ऐकू येणारी उत्तरं. विषय अजून बराच शिल्लक आहे. विचारणारी आणि जागा तीच ठेवून आणखी तीस मुलाखती घेतल्या, तरी त्या बहुतेक कोऱ्याच जातील आणि दावा मात्र भक्कम दिसेल.

डॉक्टरने आपल्या टिपणवहीत तारखेसह लिहिलं, समजा: ‘आजच्या तिन्ही बायकांनी तपासणी चांगली आहे असं मी न विचारता सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून?’ ही रिफ्लेक्सिव्हिटी कामाला लागली, कारण हिच्यामुळे पुढचं पाऊल बदललं. तेराव्या मुलाखतीपासून विचारणारी बदलली: त्याच भागातली, तेलुगू बोलणारी, दवाखान्याशी संबंध नसलेली, मुलाखतीचं प्रशिक्षण दिलेली बाई. जागा घर, वेळ दुपारची, मांडीवर सूप आणि हातात तेंदूचं पान. तेरा ते पंधरा या तीन मुलाखतींनी 7 नवे कोड दिले. बाराव्या मुलाखतीला सपाट झालेली रेघ पुन्हा वर चढली.

त्या सातांतला एक कोड: तपासणीला गेलं की पिशवी काढायला सांगतात, अशी धास्ती. दुसरा: तपासणीत काही निघालं तर घरात कुणाला सांगायचं, याची चिंता. तिसरा मजुरीचा. एक बाई म्हणते, ‘तपासणी फुकट आहे खरं, पण त्या दिवशीच्या हजार विड्या कोण वळून देणार?’ या वाक्याला ‘मजुरी बुडते’ असा कोड लावता येईल आणि तो ‘आर्थिक अडथळे’ या शीर्षकाखाली ठेवता येईल. मग काम संपल्यासारखं वाटतं आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी त्या वाक्याशेजारी दुसऱ्या बायकांची वाक्यं ठेवून पाहायची. एक बाई ताप आला की लगेच औषध आणते, कारण तापात विड्या होत नाहीत. दुसरीने चष्मा करून घेतला, त्यात अर्धा दिवस गेला. म्हणजे मजुरी बुडवून दवाखाना होतो, पण कामात अडथळा येतो तेव्हाच. इथे थीम बनू लागते: बाई दवाखान्याला दिवस देते तो हात चालू राहावेत म्हणून, ज्या तपासणीने हात थांबतात आणि आज काहीच सुधारत नाही, तिला तिच्या दिवसात जागा नाही.

हे ठाम विधान आहे, म्हणून ते मोडून पाहता येतं. मोडू शकेल असं माणूस मुद्दाम शोधायचं: कसलाही त्रास नसताना तपासणी करून आलेली बाई. समजा ती भेटली. शेजारीण या आजाराने गेली, तिचं शेवटचं वर्ष हिने जवळून पाहिलं. आता थीम दुरुस्त करावी लागते. आज फायदा नसलेल्या तपासणीलाही दिवस दिला जातो, पण आजार कुणाच्या तरी रूपाने घरापर्यंत आलेला असेल तर. ग्लेझर आणि स्ट्रॉस एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात गेले, ते याच कामासाठी. आणि यानंतर आणखी चार-पाच वेगळ्या बायकांशी बोलूनही ही दुरुस्त थीम टिकली, तिला नवा पैलू जोडावा लागला नाही, तर ‘ही थीम सॅच्युरेट झाली’ असं म्हणता येईल. पिशवीच्या धास्तीबद्दल तसं अजून म्हणता येणार नाही, कारण ती तीनच मुलाखतींत आली आहे. प्रामाणिक अहवाल हे वेगवेगळं सांगतो.

वाचणाऱ्याने काय पाहावं

असा अभ्यास हाती आला, की मी आधी उदाहरणादाखल दिलेली बोलणी वाचतो. ती सगळी दोन-तीन जणींचीच आहेत का? सगळी थीमच्या बाजूचीच आहेत का? विरोधात जाणारा एकही आवाज नसेल, तर तो शोधला नाही किंवा गाळला, असं समजायला हरकत नसते. मग थीमची नावं प्रश्नावलीशी ताडून पाहतो. पाच प्रश्न आणि त्याच नावांच्या पाच थीम असतील, तर विश्लेषण झालेलं नाही; उत्तरांची वर्गवारी झाली आहे.

पुढे तारखा. सगळ्या मुलाखती एका आठवड्यात उरकल्या आणि विश्लेषण नंतर महिनाभराने सुरू झालं, तर ‘सॅच्युरेशन आल्यावर थांबलो’ हे घडूच शकत नाही. थांबताना संशोधकाला ते कळलेलंच नव्हतं. मुलाखत, टिपण, कोड आणि पुढच्या माणसाची निवड हे हातात हात घालून चालल्याची खूण तारखांत दिसते. आणि सर्वांत शेवटी विचारणाऱ्याचा परिच्छेद. तो काढून टाकला तर निष्कर्षाचं एकही वाक्य बदलत नसेल, तर तो यादीतल्या कलमापुरता लिहिला आहे.

दोन जणांनी वेगवेगळे कोड लावून ते किती जुळले, याची टक्केवारीही हल्ली दिली जाते. दोघं एकाच विभागातले, एकाच तऱ्हेने शिकलेले असतील, तर ते जुळणारच. त्यातून एकवाक्यता कळते, ऐकायचं काय राहिलं ते कळत नाही. निष्कर्ष त्याच बायकांना वाचून दाखवणं अधिक चांगलं, पण तिथेही समोर डॉक्टर बसली असेल तर होकार सहज मिळतो.

इतकं सगळं नीट केल्यावरही या अभ्यासाला एक गोष्ट सांगता येत नाही: न आलेल्यांपैकी किती जणी मजुरीमुळे आल्या नाहीत आणि किती धास्तीमुळे. वीस-पंचवीस मुलाखतींवरून टक्के काढले, तर ते चुकीचेच असतील. त्यासाठी पुन्हा बार्शीसारखी मोजणी हवी. फरक इतकाच की आता मोजणीच्या प्रश्नावलीत ‘पिशवी काढतील अशी धास्ती वाटते का’ हा प्रश्न असेल, जो आरोग्य केंद्रातल्या बारा मुलाखतींवर थांबल्यास कधीच आला नसता.

हा निष्कर्ष सिन्नरच्या किंवा निजामाबादच्या विडी कामगार बायकांना लागू होतो का, याचं उत्तरही संशोधक देऊ शकत नाही. यव्होना लिंकन आणि एगॉन गुबा यांनी 1985 मध्येच ही जबाबदारी वाटून दिली होती: लागू होतं की नाही हे तिथला वाचणारा ठरवेल, पण ठरवण्यापुरता तपशील लिहिणाऱ्याने द्यायला हवा. मजुरी कशी मिळते, कोणत्या भाषेत विचारलं, खोलीत आणखी कोण होतं, कितव्या मुलाखतीनंतर काय बदललं. निजामाबादची आरोग्यसेविका ते वाचून आपल्या बायकांशी ताडून पाहील. नुसता बाराचा आकडा मिळाला, तर तिला ताडायला काहीच उरत नाही.